पेशंट सेशनला आले नाहीत, तर क्लिनिकमधून मेसेज कसा लिहायचा: डेस्कवर नवीन बसलेल्यांसाठी

आमचं फिजिओथेरपी क्लिनिक नागपुरात प्रतापनगरच्या बाजूला आहे, मी डेस्कवर बसते, अपॉइंटमेंटपासून फाइलपर्यंत सगळं माझ्याकडे. आता नवीन मुलगी जॉइन झाली आणि तिने दुसऱ्याच दिवशी विचारलं की ताई पेशंट आलाच नाही तर मेसेजमध्ये काय लिहू, तेव्हा लक्षात आलं की हे आपल्याला कोणी कधी बसवून शिकवतच नाही. म्हणून एकच केस घेऊन सगळं सांगते, गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतरची, कारण सेशन चुकल्याचा फटका तिथे सगळ्यात लवकर दिसतो.

आधी हे समजून घ्या की एक सेशन चुकलं तर बिघडतं काय

कंबर किंवा मान दुखण्याच्या पेशंटचं एखादं सेशन पुढे गेलं तर बहुतेक वेळा निभावून जातं. गुडघा बदललेल्या पेशंटचं गणित वेगळं आहे. ऑपरेशननंतर आत जखम भरून येत असते आणि भरताना टिश्यू चिकटत जातो, रोज हलवला नाही तर गुडघा आहे तिथेच घट्ट व्हायला लागतो. साधं चालायला गुडघा साधारण ६५-७० डिग्री वाकावा लागतो, जिना उतरायला आणि खुर्चीतून नीट उठायला ९० किंवा त्याच्या थोडं वर. पहिल्या सहा आठवड्यात जे मिळतं ते त्यामानाने सोपं मिळतं, नंतर प्रत्येक डिग्रीसाठी झगडावं लागतं. दीड-दोन-तीन महिने होऊनही ९० च्या खालीच अडकला तर सर्जन भूल देऊन गुडघा वाकवून घ्यायचा विचार करतात, म्हणजे पुन्हा अ‍ॅडमिट, पुन्हा खर्च, घरच्यांची पुन्हा धावपळ. म्हणून तिसऱ्या आठवड्यातला पेशंट आला नाही तर "येतील परवा" म्हणून सोडून द्यायचं नाही.

पण हे सगळं पेशंटला मेसेजमध्ये लिहायचं नाही. हे तुमच्यासाठी आहे, म्हणजे मेसेज आज जायला पाहिजे की उद्या चालेल हे तुम्हाला ठरवता येईल.

पायरी १: मोबाइल हातात घ्यायच्या आधी फाइल उघडा

मी जी केस सांगून राहिली ती एका काकूंची. वय ६४, उजवा गुडघा बदललेला, राहायला मानेवाड्याकडे, सोम-बुध-शुक्र सकाळी ९ चा स्लॉट. बुधवारी आल्याच नाहीत. फाइल उघडली तर ऑपरेशनला सतरावा दिवस. आदल्या शुक्रवारी गुडघा ७८ डिग्री वाकला होता, सोमवारी ७६. नवीन मुलीला वाटलं कमी झालं, पण तसं नसतं, गोनिओमीटरने मोजताना दोन-चार डिग्री इकडेतिकडे होतातच, त्यावरून काही ठरवायचं नाही. मला खटकलं ते खालचं वाक्य. फिजिओ मॅडमनी सोमवारी लिहिलं होतं: दुखणं दहापैकी सात, शेवटचे दोन व्यायाम अर्धवट सोडले.

फाइलमध्ये तीनच गोष्टी बघायच्या. ऑपरेशनला किती दिवस झाले, मागच्या सेशनला काय झालं, आणि दिलेला नंबर कोणाचा आहे. तिसरी गोष्ट लोक बघतच नाहीत. आपल्याकडे वयस्कर पेशंटचा म्हणून दिलेला नंबर बरेचदा मुलाचा, सुनेचा किंवा जावयाचा असतो आणि तो माणूस त्या वेळी मिहानला ऑफिसात बसलेला असतो, त्याला माहीतच नसतं आई गेली की नाही. काकूंच्या फाइलमध्ये दोन नंबर होते, पहिला मुलाचा, दुसरा त्यांचा स्वतःचा. मेसेज त्यांच्या स्वतःच्या नंबरवर गेला पाहिजे. मुलाला मेसेज गेला की तो संध्याकाळी घरी येऊन आईवर चिडतो, आणि मग काकू खरं कारण कोणालाच सांगत नाहीत.

पायरी २: पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग एक फोन

९ चा स्लॉट असेल तर ९ वाजून ५ मिनिटांनी फोन करू नका, पेशंट जिन्यात असतो किंवा ऑटोतून उतरत असतो आणि आपण उगाच घाई करवतो. सव्वानऊ-नऊवीसला एक फोन. उचलला तर मेसेजची गरजच नाही, बोलूनच घ्या. नाही उचलला तर लागोपाठ तीन-चारदा लावू नका, गुडघ्याचा पेशंट फोन घ्यायला घाईत उठला आणि पडला तर काय करायचं. एक फोन, आणि त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात मेसेज. त्याच दिवशी, शक्यतो दुपारच्या आत. रात्री नऊला क्लिनिकचा मेसेज गेला की वयस्कर माणूस घाबरून जातो.

पायरी ३: पहिल्या ओळीत तब्येत, वेळ नंतर

नवीन मुलीने आधी जो मेसेज लिहिला होता तो असा होता:

"प्रिय पेशंट, आपण आज आपले सेशन मिस केले आहे. नियमित उपचार न घेतल्यास रिकव्हरीवर परिणाम होऊ शकतो. कृपया लवकरात लवकर नवीन अपॉइंटमेंट घ्यावी."

यात चुकीचं असं काही नाही, पण हा वाचून पेशंट फोन उलटा ठेवून देतो. एक तर "प्रिय पेशंट" म्हणजे सगळ्यांना पाठवलेला मेसेज वाटतो. दुसरं म्हणजे "मिस केले" ही तक्रार झाली. आणि तिसरं, सगळं काम पेशंटवर टाकलं, आता त्यांनीच फोन करायचा, त्यांनीच वेळ विचारायची. ज्या माणसाला आधीच संकोच वाटून राहिला की आपण गेलो नाही, तो हे सगळं कशाला करेल?

तब्येत आधी विचारायचं कारण फक्त गोडवा नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यात पेशंट न येण्यामागे खरंच काहीतरी झालेलं असू शकतं. पोटरी सुजणं, दुखणं, गरम लागणं, ही पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाल्याची खूण असू शकते. टाक्यांतून पाणी किंवा पू येणं, ताप, गुडघा एकदम लाल आणि गरम होणं, हे इन्फेक्शनचं असू शकतं. असं काही असेल तर नवीन स्लॉट द्यायचाच नाही, मॅडमना लगेच सांगायचं आणि पेशंटला त्याच दिवशी सर्जनकडे पाठवायचं. छातीत दुखून राहिलं किंवा दम लागून राहिला असं म्हणाले तर क्लिनिक-बिनिक काही नाही, सरळ १०८. हे ठरवायचं काम डेस्कचं नाही, पण विचारायचं काम डेस्कचंच आहे.

पायरी ४: दोन वेळा द्या, पण जुनीच वेळ परत देऊ नका

"कधी येता?" असं विचारलं की उत्तर येतं "सांगतो", आणि मग आठवडा जातो. वार, तारीख, वेळ लिहून दोन पर्याय द्यायचे, एक सकाळचा एक संध्याकाळचा. तीन-चार दिले की लोक गोंधळतात.

आणि देताना पुढची बुकिंग बघा. काकूंचं शुक्रवारचं सेशन आधीच ठरलेलं होतं. बुधवारचं गुरुवारी घेतलं तर गुरुवार-शुक्रवार लागोपाठ होतं, आणि मागच्या वेळी सात दुखणं सांगितलेल्या गुडघ्याला आमच्या मॅडम मधे एक दिवस ठेवायला सांगतात. म्हणून गुरुवार आणि मग शनिवार, शुक्रवार रिकामा. काही जण विचारतात की शुक्रवारी दोन सेशन सोबत घेऊन टाकू का, भरून निघेल. असं भरून निघत नाही. जास्त केलं की गुडघा सुजतो, सुजलेला गुडघा वाकत नाही, आणि पुढचे दोन दिवस बर्फ लावण्यात जातात.

आपल्या नागपूरचं पण थोडं डोक्यात ठेवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असतो तेव्हा दुपारी १२ ते ५ मधला स्लॉट वयस्कर पेशंटला ऑफर करणं म्हणजे न देण्यासारखंच, सकाळी ११ च्या आत नाहीतर ६ नंतर. मारबतच्या दिवशी महाल-इतवारीकडच्या पेशंटला बोलवू नका, रस्ता पारच होणार नाही. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीच्या बाजूचे रस्ते वळवलेले असतात, तिकडून येणाऱ्यांना एक दिवस आधी विचारून घ्या.

पायरी ५: कारण सांगायला जागा ठेवा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते मेसेजचं खरं काम हेच आहे. पेशंट लिहितात "पाहुणे आले होते", "विसरली", "गाडी नव्हती". कधी ते खरं असतं. पण गुडघ्याच्या पेशंटमध्ये दोन कारणं अशी आहेत जी लोक स्वतःहून सांगत नाहीत. एक म्हणजे मागच्या वेळी खूप दुखलं आणि आता भीती वाटते. दुसरं म्हणजे पोहोचणंच जड जातं. गुडघा ७५ डिग्रीच वाकत असेल तर ऑटोत चढून बघा कसं वाटतं, पायरी उंच, समोर जागा कमी, पाय लांब करता येत नाही, आणि मानेवाड्याहून प्रतापनगरपर्यंत खड्ड्यात गाडी आपटली की जीव जातो. कारमध्ये समोरची सीट पूर्ण मागे घेऊन, आधी पाठ करून बसायचं आणि मग पाय आत फिरवायचे, असं सांगितलं तर बऱ्याच जणांचं येणं सोपं होतं. पण हे सांगायला आधी कळलं तर पाहिजे.

म्हणून मेसेजमध्ये एक ओळ अशी हवी की ज्याने पेशंटला वाटेल, हे सांगितलं तर चालते. "काही अडचण आहे का" एवढंच विचारलं तर उत्तर "नाही" येतं. अडचणीचं नाव आपणच घ्यायचं. "मागच्या वेळी दुखणं जास्त झालं असेल किंवा यायला त्रास होत असेल तर सांगा, मॅडम त्याप्रमाणे बघतील." आपण आधी म्हटलं की समोरच्याला म्हणायला सोपं जातं.

आम्ही पाठवलेला मेसेज

"काकू नमस्कार, मी फिजिओ क्लिनिकच्या डेस्कवरून लिहितेय. आज सकाळी ९ ला तुमची वाट बघितली, एकदा फोनही केला होता. बऱ्या आहात ना? पोटरी दुखते किंवा सुजली, टाक्यांतून पाणी येतं, ताप आहे, असं काही असेल तर मेसेज नको, लगेच फोन करा.

तसं काही नसेल तर उद्या गुरुवारी सकाळी ११.३० किंवा संध्याकाळी ६ ची वेळ तुमच्यासाठी ठेवली आहे. जी जमेल ती सांगा, फक्त '११' किंवा '६' लिहिलं तरी चालेल. मागच्या वेळी दुखणं जास्त झालं असेल किंवा यायला त्रास होत असेल तर तेही सांगा, मॅडम त्याप्रमाणे व्यायाम बघतील.

तोपर्यंत मॅडमनी घरी करायला शिकवलेले व्यायाम चालू ठेवा आणि गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका."

आता यातली एकेक गोष्ट. मेसेज पाठवताना खाली स्वतःचं नाव लिहा, माणसाला माणसाचं नाव दिसलं की उत्तर येतं. ऑपरेशनचं किंवा आजाराचं नाव मी कुठे लिहिलेलं नाही, फोन घरात कोणाच्याही हातात असतो आणि कधी मेसेज चुकून दुसऱ्यालाच जातो. पैशाचा उल्लेख नाही. चुकलेल्या सेशनची फी घ्यायची की नाही हा क्लिनिकचा नियम असेल तो असेल, पण तो पहिल्या दिवशी सांगायचा असतो, या मेसेजमध्ये नाही. डिग्रीचे आकडेही नाहीत. "तुमचं ७६ झालंय" लिहिलं असतं तर काकू रात्रभर त्याचाच विचार करत बसल्या असत्या.

घरच्या व्यायामाबद्दल एक पक्कं लक्षात ठेवा, डेस्कवरून नवीन व्यायाम सांगायचा नाही, कधीच नाही. जे फिजिओने शिकवलं आणि फाइलमध्ये लिहिलं तेच आठवून द्यायचं. काकूंच्या फाइलमध्ये टाच सरकवत गुडघा वाकवणं, मांडी आवळून पाच सेकंद धरणं आणि पंजा वर-खाली करणं होतं, आणि नंतर कपड्यात गुंडाळून पंधरा मिनिटं बर्फ. उशीचं मी मुद्दाम टाकलं, कारण ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते, उशी ठेवली की गुडघ्याला बरं वाटतं, पण तो अर्धवट वाकलेलाच राहतो आणि मग सरळ होत नाही. ठेवायचीच असेल तर टाचेखाली ठेवायची.

वाचायला जमत नसेल अशा पेशंटला हाच मजकूर व्हॉइस नोटमध्ये सांगा, हळू, अर्ध्या मिनिटात, आणि वेळ दोनदा बोला. हा मेसेज मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवला तरी हरकत नाही, पण पाठवायच्या आधी नातं, दिवस आणि घरच्या व्यायामाची ओळ त्या पेशंटप्रमाणे बदला. काकाजींना "बऱ्या आहात ना" गेलं तर पुढचं काहीच वाचलं जात नाही.

उत्तर आलं तर, आणि नाही आलं तर

काकूंचं उत्तर दुपारी आलं, जसं आलं तसं लिहिते:

"हो बाई बरी आहो. ताप गिप काही नाही. सोमवारी खूपच दुखलं न, रात्री झोपच नाही. सकाळी साडेआठले निघा लागते, चहा बी नाही होत, मंग गोळी उपाशीपोटी कशी घेऊ. तुम्ही चिडसान म्हणून फोन नाही उचलला."

बघा, सगळं यात आलं. ९ च्या स्लॉटमुळे नाश्ता होत नव्हता, नाश्ता नाही म्हणून सर्जनने लिहून दिलेली दुखण्याची गोळी राहत होती, आणि गोळीशिवाय सेशन होत होतं म्हणून दहापैकी सात. आम्ही तीन आठवड्यांचे स्लॉट ९ चेच लावून ठेवले होते, कारण आम्हाला ते सोयीचं होतं. मी जर उत्तरात परत शुक्रवारी ९ लिहिलं असतं तर शुक्रवारही गेला असता.

असं उत्तर आलं की लगेच वेळ पक्की करू नका, आधी फिजिओला दाखवा. मॅडमनी स्वतः दोन मिनिटं फोन केला, गोळी नाश्त्यानंतर आणि सेशनच्या साधारण पाऊण-एक तास आधी जमते का ते विचारलं, पोटरीचं पुन्हा विचारलं, आणि मग मला म्हणाल्या साडेअकरा दे. मी उत्तर पाठवलं: "चिडायचं काय काकू त्यात, बरं झालं सांगितलं. उद्या गुरुवारी ११.३० पक्कं. नाश्ता करून निघा, मॅडमनी सांगितलं तसं गोळीचं बघा. शुक्रवारी येऊ नका, त्याच्या बदल्यात शनिवारी ११.३०." शुक्रवारी येऊ नका हे वेगळं लिहा, नाहीतर पेशंट दोन्ही दिवशी येऊन बसतो.

उत्तर आलंच नाही तर? दुसऱ्या दिवशी सकाळी एक फोन, या वेळी लागला नाही तर घरच्या दुसऱ्या नंबरवर, आणि तिथे फक्त एवढंच, "काकू बऱ्या आहेत ना, जमेल तेव्हा क्लिनिकला फोन करायला सांगा." ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा आठवड्यातला पेशंट असेल आणि दुसऱ्या दिवशीही काहीच कळलं नाही तर तुम्ही थांबायचं, फाइल फिजिओच्या टेबलावर ठेवायची, सर्जनला कळवायचं की नाही ते त्या ठरवतील. मेसेजवर मेसेज पाठवत राहू नका, तिसऱ्या मेसेजनंतर माणूस नंबर ब्लॉक करतो, हे मी बघितलेलं आहे.

काकू गुरुवारी साडेअकराला मुलाच्या मित्राच्या कारने आल्या, समोरची सीट मागे घेऊन. त्या दिवशी दुखणं चार सांगितलं आणि सगळे व्यायाम पूर्ण केले, गुडघा ८० पर्यंत गेला. पुढच्या शनिवारी ८६, सहाव्या आठवड्यात १०८. मी रजिस्टरमध्ये त्यांचे पुढचे सगळे ९ चे स्लॉट खोडून ११.३० केले आणि फाइलच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलं: सकाळी ११ च्या आधी नको, गोळी नाश्त्यानंतर, मेसेज स्वतःच्या नंबरवर.